मशीन तयार, मेल बाकी

आमचं वर्कशॉप भोसरी एमआयडीसीत आहे. मशीन बनवायचं काम दादा बघतो. कोटेशन, पीओ म्हणजे ग्राहकाची खरेदी ऑर्डर, बिलं आणि वसुली माझ्याकडे. आम्ही एसपीएम बनवतो, म्हणजे एखाद्या कारखान्यातल्या एकाच कामासाठी मुद्दाम घडवलेलं मशीन. ते दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. ज्याच्यासाठी बनवलं त्यानं नेलं नाही, तर त्यातले सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि पीएलसी सोडवून पुढच्या कामाला लावायचे आणि बाकीचं भंगारात द्यायचं, एवढंच हाती उरतं. म्हणून मशीन तयार झाल्यावर, पण गाडीत चढण्याआधी मिळणारा हप्ता आमच्यासाठी सगळ्यात मोठा. तो सुटतो ग्राहकाच्या एका मेलवर: पीडीआय झालं, मशीन मान्य आहे, या मेलवर. पीडीआय म्हणजे मशीन पाठवण्याआधी ग्राहकानं आमच्या शॉपमध्ये येऊन केलेली तपासणी. गेल्या वर्षी असा एक मेल मिळवायला मला 15 दिवस लागले, आणि त्या 15 दिवसांत जे कळलं ते इथं लिहिते आहे.

मशीन लीक टेस्टिंगचं होतं. चाकणच्या एका कंपनीसाठी, अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगमधून हवा गळते का ते तपासणारं. किंमत 18,40,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. पीओमध्ये अटी अशा होत्या: 30 टक्के आगाऊ, 60 टक्के आणि पूर्ण कर पीडीआय मान्य झाल्यावर डिस्पॅचच्या आधी, आणि उरलेले 10 टक्के त्यांच्याकडे मशीन बसवून चालू करून दिल्यावर. आगाऊ रक्कम वेळेवर आली होती. मधला हप्ता 11,04,000 आणि कराचे 3,31,200, म्हणजे एकूण 14,35,200 रुपये. पीओ घेताना मी टक्केवारी तपासली, तारखा तपासल्या. ‘पीडीआय मान्य’ म्हणजे कोणी, कशावर आणि कोणत्या शब्दांत मान्य करायचं, हे त्यात कुठंच नव्हतं, आणि तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

पीडीआय एका गुरुवारी झालं. त्यांचे प्रोजेक्टचे साहेब आणि क्वालिटीच्या मॅडम आले, सोबत त्यांच्या टेम्पोतून 60 कास्टिंग. ठरल्याप्रमाणे 50 नग सलग चालवायचे होते, सायकल टाइम 45 सेकंदांच्या आत हवा होता, आणि मास्टर लीक लावल्यावर मशीननं प्रत्येक वेळी नग नापास करायला हवा होता. मास्टर लीक म्हणजे मोजून बनवलेलं बारीक छिद्र. त्यातून किती हवा जाते ते आधीच माहीत असतं, त्यामुळे मशीन खरं बोलतं की नाही ते त्यावरून कळतं. या कामात मिनिटाला 5 सीसीपर्यंत गळती चालणार होती आणि मास्टर 6 सीसीचा होता.

पहिले वीसेक नग सुरळीत गेले. मग मॅडमनी मधूनच एका नगावर मास्टर लीक लावायला सांगितला आणि मशीननं तो पास केला. पुन्हा लावला, पुन्हा पास. शॉपमध्ये एकदम शांतता झाली. गळका नग पास करणारं लीक टेस्टिंग मशीन म्हणजे नसलेलंच बरं.

दादानं तो नग हातात घेतला आणि म्हणाला, ‘हा गरम आहे.’ टेम्पो दुपारी उन्हात उभा होता, आणि क्रेटच्या वरच्या थरातले नग चांगलेच तापले होते. टच प्रोबनं मोजलं तर नग 39 अंश, शॉपमधली हवा 31. इथं थोडा हिशेब सांगावा लागेल, कारण पुढच्या मेलमधला एक मुद्दा त्यावरच उभा होता. मशीन नगात 2 बार दाबानं हवा भरतं आणि दहा सेकंदांत दाब किती उतरतो ते बघतं. त्या नगाच्या साधारण 500 सीसी पोकळीत 5 सीसीची गळती असेल, तर दहा सेकंदांत दाब जेमतेम 170 पास्कल उतरतो. पण आतली हवा फक्त एक अंशानं तापली तरी दाब सुमारे 1000 पास्कल वाढतो. म्हणजे दशांश अंशाचा फरकसुद्धा निकाल ढवळून टाकायला पुरेसा आहे. गरम नगात भरलेली हवा तापत होती, दाब वर ढकलत होती, आणि गळतीमुळे होणारी उतरण झाकली जात होती. मास्टरवर 200 च्या आसपास दिसायला हवं होतं, तिथं 120 दिसत होतं.

तोच नग तासभर पंख्याखाली ठेवून परत लावला. 203 पास्कल, नापास. बाकीचे नगही निववून घेतले आणि 50 सलग पूर्ण केले. सायकल टाइम 42 सेकंद आला. संध्याकाळी सात मुद्द्यांची पंचलिस्ट, म्हणजे उरलेल्या कामांची यादी झाली, सगळ्यांनी सह्या केल्या, चहा झाला. जाताना साहेब म्हणाले, ‘मशीन मस्त झालंय, उद्या मेल टाकतो.’

शुक्रवारी मेल आला. इंग्रजीत होता, पण मराठीत सांगायचा तर इतकाच: ‘ट्रायल समाधानकारक झाली. उरलेले मुद्दे बंद करून मशीन लवकरात लवकर पाठवावं.’ मला आनंद झाला. शनिवारी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस काढलं, हा मेल जोडला, पर्चेसला पाठवलं आणि ट्रान्सपोर्टवाल्याला गाडीचं विचारून ठेवलं.

पुढच्या गुरुवारपर्यंत काहीच हाललं नाही. फोन केला तर पर्चेसनं सांगितलं, अकाउंट्सनं कागद परत पाठवलेत. कारण? ‘अ‍ॅक्सेप्टन्स नाही.’

तोवर मशीन आमच्या शॉपमध्ये प्लास्टिक गुंडाळून मधोमध उभं होतं. त्याच जागेवर पुढच्या कामाची फ्रेम लावायची होती. दादाला वाटलं, हे लोक मुद्दाम लांबवतायत. मलाही आधी तसंच वाटलं. पण फोनवर भांडण्यापेक्षा जाऊन बघावं म्हणून शुक्रवारी चाकणला गेले, आणि पर्चेसच्या ओळखीनं अकाउंट्समधल्या त्या गृहस्थांना भेटले ज्यांनी कागद परत पाठवले होते.

त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. म्हणाले, ‘ताई, एरवी माल गेटमधून आत येतो, स्टोअर माल मिळाल्याचा जीआरएन करतं. मग मी पीओ, जीआरएन आणि बिल असे तीन कागद एकमेकांशी जुळवतो आणि पैसे सोडतो. तुमच्या या हप्त्यात माल आलेलाच नाही. जीआरएन नाही. साडेचौदा लाख मी कशाच्या आधारावर सोडू? ऑडिटवाला विचारेल तेव्हा माझ्याकडे दाखवायला फक्त हा मेल आहे.’

मला त्या क्षणी सगळं उलगडलं. मी त्या मेलकडे शाबासकी म्हणून बघत होते. त्यांच्या टेबलावर तो मेल जीआरएनची जागा घेणारा कागद होता. जीआरएनवर जे जे असतं ते त्यात हवं: कोणता पीओ, त्यातली कोणती वस्तू, काय तपासलं, कोणत्या तारखेला, कोणी मान्य केलं. आमच्या मेलमध्ये पीओ नंबर नव्हता. ‘ट्रायल समाधानकारक’ असं होतं, ‘मान्य’ हा शब्द नव्हता. ‘पाठवावं’ असं होतं, पण माल पाठवायला सांगणं आणि हप्ता देय झाला असं म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि सगळ्यात अडचणीचं वाक्य ‘उरलेले मुद्दे बंद करून’ हे होतं. त्यांनी बोट ठेवून विचारलं, ‘हे बंद झाले का? झाले असतील तर कोणी सांगितलं? नसतील तर टप्पा पूर्ण कसा?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली. मेल ज्यांनी टाकला ते प्रोजेक्टचे साहेब मशीन वापरणार नव्हते. त्यांच्या पद्धतीनुसार भांडवली खरेदीत मान्यता प्रॉडक्शनच्या प्रमुखांची लागते, किंवा निदान त्यांना सीसीत ठेवून त्यांनी ‘सहमत’ असं उत्तर द्यावं लागतं. हे पीओवर छापलेलं नव्हतं, पण त्यांच्या आतल्या मंजुरीच्या तक्त्यात होतं. मला विचारल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि मी आधी कधी विचारलं नव्हतं.

तिथून मी साहेबांकडे गेले. मनात होतं की सरळ सांगावं, ‘सर, मेलमध्ये मान्य असं लिहा आणि पुन्हा पाठवा.’ सांगितलंही. ते थोडे अवघडले. मग दार लोटून म्हणाले, ‘मॅडम, मी मान्य लिहून दिलं आणि मशीन इथं येऊन चाललं नाही, तर मला विचारणार. पैसे गेल्यावर तुमचा माणूस फोन उचलेल याची खात्री काय? मागं एका मशीनला असं झालंय.’

त्यांचं म्हणणं खरं होतं. मधला हप्ता देऊन बसल्यावर ग्राहकाच्या हातात फारसं काही उरत नाही, अशी भीती या धंद्यात सगळ्यांना असते. म्हणूनच असे मेल मोघम येतात. लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही असं नसतं. त्याला दार पूर्ण बंद करायचं नसतं. पैसे हवे असतील तर त्याच्यासाठी एक दार उघडं ठेवायला हवं, पण ते दुसरीकडे. आम्ही बसून तेच केलं. मी म्हटलं, ‘सर, दोन मान्यता वेगळ्या करू. ही फक्त पीडीआयची. आमच्या शॉपमध्ये, तुमच्या नगांवर, ठरलेल्या कसोट्यांवर मशीन उतरलं, एवढंच यात म्हणा. तुमच्याकडे बसवल्यावरची मान्यता वेगळी, ती तुमच्याकडेच राहील. 1,84,000 तुमच्याच हातात आहेत आणि वॉरंटी चालू करून दिल्यापासून 12 महिने. हे वाक्य मेलमध्येच घालू.’

त्या वाक्यानं त्यांचा चेहरा सैल झाला. मग आम्ही पंचलिस्ट समोर घेतली आणि सातही मुद्द्यांपुढे एक एक प्रश्न विचारत गेलो: हे न करता मशीन गाडीत चढलं तर चालेल का? तीन मुद्द्यांना उत्तर ‘नाही’ आलं. त्यातला पहिला अर्थातच मास्टर लीकचा. दुसरा लाइट कर्टनचा, कारण हात आत असताना मशीन थांबलं पाहिजे हा सुरक्षेचा प्रश्न आहे. तिसरा डाव्या स्टेशनच्या क्लॅम्पचा. बाकीचे चार, केबलवरची लेबलं किंवा स्क्रीनवरचे मराठी संदेश यांसारखे, जागेवर करता येण्यासारखे होते. ते वेगळ्या यादीत गेले, आणि त्या यादीवर लिहिलं की हे मुद्दे शेवटच्या 10 टक्क्यांशी जोडलेले आहेत.

मास्टर लीकच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. कारण त्यात निम्मं काम आमचं होतं आणि निम्मं त्यांचं. त्यांच्या लाइनवर नग वॉशिंग मशीनमधून निघून सरळ आमच्या मशीनवर येणार होते, म्हणजे तिथंही गरमच येणार. थंड करण्याची सोय त्यांच्या कामात धरलेली होती, पण कोणी लिहिलेली नव्हती. हे तेव्हा लिहिलं नसतं तर बसवल्यावर पहिल्याच दिवशी तोच प्रश्न निघाला असता, आणि तेव्हा तो मशीनचा दोष ठरला असता. दादानं मशीनमध्ये नगाचं तापमान बघणारा सेन्सर टाकायचं कबूल केलं. नग आणि हवेत ठरावीक अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर मशीन चाचणीच घेणार नाही, स्क्रीनवर ‘नग गरम’ असं दाखवेल. ही अट मेलमध्ये जशीच्या तशी आली, आणि थंड करण्याची जबाबदारी त्यांच्या नावावर लिहिली गेली.

सेन्सर रविवारी बसला. सोमवारी क्वालिटीच्या मॅडम एकट्या आल्या. मुद्दाम एक नग उन्हात ठेवला, मशीननं तो घेतला नाही. निवलेल्या नगावर दहा वेळा मास्टर लावला, दहाही वेळा नापास. लाइट कर्टन आणि क्लॅम्प बघितले आणि तीन मुद्द्यांपुढे तारीख घालून सही केली.

मंगळवारी मी मेलचा मसुदा साहेबांना पाठवला. ग्राहकाच्या मेलचा मसुदा आपण लिहून देणं मला आधी आगाऊपणाचं वाटायचं. आता वाटत नाही. त्यांना दिवसाला शंभर मेल असतात. पीओ नंबर शोधून, टक्केवारी बघून नीट चार ओळी लिहायला वेळ मिळत नाही म्हणूनच दीड ओळीचे मेल येतात. मसुदा त्यांच्या जुन्याच मेलला उत्तर म्हणून पाठवला, म्हणजे सगळी साखळी एका जागी राहिली. त्यांनी एक वाक्य बदललं, प्रॉडक्शनच्या प्रमुखांना सीसीत घातलं आणि गुरुवारी सकाळी मेल आला. त्याचा मजकूर मराठीत असा:

‘पीओ क्रमांक अमुक, आयटम 1, लीक टेस्टिंग मशीन. या मशीनची पीडीआय अमुक तारखेला पुरवठादाराच्या वर्कशॉपमध्ये झाली आणि डिस्पॅचपूर्वीचे मुद्दे 1 ते 3 अमुक तारखेला फेरतपासणीत बंद झाले. सह्या झालेला अहवाल सोबत आहे. मशीन पीडीआय टप्प्यासाठी मान्य करण्यात येत आहे आणि पीओतील अटीनुसार 60 टक्के व पूर्ण कर हा हप्ता देय आहे. मुद्दे 4 ते 7 जागेवर पूर्ण करायचे असून ते अंतिम 10 टक्क्यांशी जोडलेले आहेत. ही मान्यता अंतिम स्वीकृती नाही; ती मशीन बसवून चालू केल्यानंतर वेगळी दिली जाईल.’

पाऊण तासात प्रॉडक्शनच्या प्रमुखांचं एका शब्दाचं उत्तर आलं, ‘सहमत.’

साहेबांनी बदललेलं वाक्य सांगते. मी लिहिलं होतं, ‘हप्ता त्वरित द्यावा.’ त्यांनी ते ‘हप्ता देय आहे’ असं केलं. सुरुवातीला मला ते मिळमिळीत वाटलं. पण त्यांचंच बरोबर होतं. कधी द्यायचा ते अकाउंट्स ठरवतं. टप्पा पूर्ण होऊन हप्ता देय झाला, इतकंच सांगायचा त्यांचा अधिकार. त्वरित द्या म्हटलं असतं तर ती विनंती झाली असती.

मी प्रोफॉर्मा नव्यानं काढलं. वर्णन पीओत होतं तसं अक्षरशः ठेवलं, कारण पहिल्या वेळी मी ‘लीक टेस्टर’ लिहिलं होतं आणि पीओत ‘लीक टेस्टिंग मशीन’ होतं. मेल, सही झालेला अहवाल आणि प्रोफॉर्मा एकत्र जोडून पाठवलं. त्यांच्याकडे पैसे बुधवारी सुटतात. त्या बुधवारी दुपारी 14,35,200 जमा झाल्याचा बँकेचा मेसेज आला. पीडीआयपासून 21 वा दिवस. गुरुवारी टॅक्स इन्व्हॉइस आणि ई-वे बिल काढलं, हायड्रा क्रेननं मशीन ट्रेलरवर चढवलं.

मधल्या दिवसांत बऱ्याच जणांनी मला एमएसएमई कायद्याचा हवाला दिला होता: 45 दिवसांत पैसे द्यावेच लागतात, नाहीतर चक्रवाढ व्याज. आम्ही उद्यमवर नोंदलेले लघुउद्योग आहोत, त्यामुळे हे खरंच लागू आहे. पण 2006 च्या त्या कायद्यातलं मोजमाप माल पोहोचल्यापासून सुरू होतं. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो पोहोचल्याच्या दिवशीच स्वीकारला असं धरतात. पीडीआयच्या हप्त्यात माल आपल्याच शॉपमध्ये उभा असतो. तिथं ‘गप्प बसले म्हणजे मान्य’ हा आधार मिळत नाही, पीओतली अट आणि ग्राहकाचा मेल एवढंच हाती असतं. शेवटच्या 10 टक्क्यांना मात्र तो कायदा उपयोगी पडतो, आणि तिथंही लेखी हरकत आली तर ती दूर केल्याच्या दिवसापासून मोजायचं.

तशी हरकत आली. मशीन पोहोचल्यावर अकराव्या दिवशी उजव्या स्टेशनचं रबर सील झिजतं, असा मेल त्यांच्याकडून आला. दादानं जाऊन जास्त कडक रबराचं सील बसवलं, 500 नग चालवून दाखवले. त्याच दिवशी संध्याकाळी मी मेलला उत्तर टाकलं, की हरकत आज या कामानं दूर केली, कृपया कळवावं. क्वालिटीच्या मॅडमचं ‘तपासलं, दूर झाली’ असं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ती तारीख मी फाइलवर लाल पेननं लिहिली.

आता आमच्या कोटेशनला एक पान जास्त जोडलेलं असतं. त्यात पीडीआयच्या कसोट्या असतात, नग कोणत्या तापमानाचे असावेत ते असतं, मान्यता कोण देणार यासाठी रिकामी ओळ असते, आणि खाली त्या मेलचा मसुदा. पीओ येतो तेव्हा ती ओळ भरून आली आहे का, हे मी टक्केवारीच्या आधी बघते.